अफवा आणि शुक्रवारची बैठक
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



या शिबिरात आम्ही अफवेबद्दल बोलावे असे ठरले आहे. आमचे सगळे आयुष्य रेल्वेत गेले. वाफेची इंजिने बंद व्हायला लागली तेव्हा शेडमध्ये रोज एक नवी बातमी उगवायची. आज म्हणायचे सगळ्या फायरमनना घरी पाठवणार, उद्या म्हणायचे निम्म्यांना डिझेलवर घेणार. तेव्हा बातमी चहाच्या टपरीवरून चालत यायची. आज ती खिशातल्या फोनमध्ये वाजते. वेग बदलला, पण अफवेचा स्वभाव तोच राहिला आहे.

उपदेश ऐकून कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून आम्ही एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट रेल्वेची नसून बँकेची आहे. ती घडते जयपूरच्या राजा पार्क भागात. हे आधीच स्पष्ट करतो की त्यातली शाखा आणि माणसे आम्ही रचलेली आहेत, म्हणून कोणाचे नावही घेत नाही. मात्र तिच्यामागची घटना, कायदा आणि तारखा खऱ्या आहेत. गोष्ट बाजूला ठेवली तरी तेवढे आपल्या उपयोगाला येईल.

आधी खरी घटना थोडक्यात सांगतो. स्टेट बँक ऑफ बिकानेर अँड जयपूर ही स्टेट बँकेची सहयोगी बँक होती आणि तिचे मुख्य कार्यालय जयपूरला होते. बिकानेरची आणि जयपूरची अशा दोन बँका १९६३ साली एकत्र करून ती झाली होती. म्हणजे तिचा जन्मच विलीनीकरणातून झाला होता. मे २०१६ मध्ये तिला आणि इतर चार सहयोगी बँकांना स्टेट बँकेत विलीन करण्याचा प्रस्ताव पुढे आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ फेब्रुवारी २०१७ रोजी अंतिम मान्यता दिली, २२ फेब्रुवारीला अधिग्रहणाचा आदेश निघाला आणि १ एप्रिल २०१७ पासून या बँका स्टेट बँकेत गेल्या. आदेश आणि अंमल यांच्यात जेमतेम पाच-सहा आठवडे होते. अफवेला असाच काळ मानवतो. निर्णय झालेला असतो, पण त्याचा आपल्या टेबलावर काय परिणाम होणार हे कोणी सांगितलेले नसते.

आता गोष्टीकडे येतो. राजा पार्क आणि त्याला लागून असलेले आदर्श नगर ही फाळणीनंतर आलेल्या पंजाबी, सिंधी कुटुंबांनी वसवलेली, वाढवलेली वस्ती. बाजार मोठा, दुकाने एकाला एक लागून. अशा बाजारात या बँकेची एक शाखा होती आणि तिथून चारशे-पाचशे पावलांवर स्टेट बँकेची दुसरी. शाखेत मॅनेजर धरून तेरा माणसे कायम होती. चौदावा एक रोजंदारीवरचा शिपाई. आणि तेरांतली सर्वांत नवी होती एक प्रोबेशनरी ऑफिसर. ती भुसावळची, रेल्वे कामगाराची मुलगी. परीक्षा देऊन नोकरीला लागली होती आणि तिची प्रोबेशनची दोन वर्षे पुरी व्हायची होती. शाखेत सगळे तिला मॅडम म्हणत, मॅनेजर तेवढे बेटा म्हणत.

गुरुवार, २ मार्च. सकाळी दहाच्या आधीच तिच्या लक्षात आले की आज काहीतरी बिघडले आहे. एकही क्लार्क काउंटरवर नव्हता. सगळे झेरॉक्स मशिनपाशी उभे होते आणि मशिनमधून एकच कागद पुन्हा पुन्हा निघत होता. त्या कागदावर शाखेतल्या लोकांची नावे होती, पुढे नोकरीला लागल्याची तारीख होती आणि सहा नावांपुढे पेनाने बारीक फुली मारलेली होती. सोबत फोनवर निरोप फिरत होता: 'विलीनीकरणानंतर तीनपैकी एक शाखा बंद. यादी तयार. प्रोबेशनवाले सर्वांत आधी.'

दिवसभरात या कागदाने काय केले ते तिने पाहिले. हेड कॅशियर बावीस वर्षे कॅश सांभाळत होते. त्या दिवशी त्यांचा हिशेब दोनदा चुकला. दोन क्लार्कनी दुसऱ्या दिवसाची रजा टाकली. एकाने भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज किती मिळते याची चौकशी सुरू केली. दुपारी एक म्हातारे सिंधी दुकानदार आले आणि मुदत ठेव मोडून द्या म्हणाले. त्यांना कोणी सांगितले होते की बँकच बंद होते आहे. बंधूंनो, कामगारांमधली अफवा कामगारांपुरती राहत नाही. ती काउंटरच्या जाळीतून पलीकडे जाते, आणि मग खरोखरच धंद्याला धक्का लागतो.

आमच्या मुलीलाही भीती वाटली होती. प्रोबेशनवाल्यांचे नाव पहिले होते ना. तिने जेवणाच्या सुट्टीत भुसावळला फोन लावला. वडील म्हणाले, "अगं, रडू नकोस. कागद आलाय ना? मग तो कागद कोणाचा, कधीचा आणि त्यावर सही कोणाची, ते आधी बघ."

इकडे मॅनेजरसाहेबांच्या टेबलावरही तो कागद पोचला होता. त्यांचे वय छप्पन्न. त्यांच्यापुढे सोपा रस्ता होता. जवळच्या दुसऱ्या एका शाखेच्या मॅनेजरने तो धरलाच होता. त्याने लोकांना सांगून टाकले, 'अफवांवर विश्वास ठेवू नका, कोणाच्याही केसाला धक्का लागणार नाही.' हे वाक्य ऐकायला बरे वाटते. पण बोलणाऱ्याला ते ठाऊक नसते, आणि त्याला ठाऊक नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून असल्या दिलाशाने अफवा विझत नाही, उलट लोक म्हणतात, साहेब काहीतरी लपवतात.

मॅनेजरसाहेबांनी मुलीला केबिनमध्ये बोलावले आणि यादी तिच्यासमोर ठेवली. म्हणाले, "बेटा, ही नीट वाच आणि मला सांग, ही कधीची असेल?"

तिने वाचली. सातव्या नंबरवर ज्या क्लार्कचे नाव होते ते डिसेंबरात निवृत्त झाले होते. त्यांच्या निरोप समारंभाचे पेढे तिनेच आणले होते. तिचे स्वतःचे नाव यादीत नव्हतेच, कारण ती ऑक्टोबरात रुजू झाली होती. म्हणजे यादी ऑक्टोबरच्या आधीची. मग तिने फुल्या पाहिल्या. फुली असलेल्या सहाही जणांना या शाखेत पाच वर्षांपेक्षा जास्त झाली होती. बाकीच्यांना झाली नव्हती.

साहेब म्हणाले, "बरोबर. ही यादी खरी आहे. मीच सप्टेंबरात क्षेत्रीय कार्यालयाला पाठवली होती. एका शाखेत पाच वर्षांवर कोण आहे हे त्यांनी बदल्यांसाठी विचारले होते. फुल्या माझ्या हातच्या आहेत."

मुलगी म्हणाली, "सर, मग यादी खोटी आहे असे सांगून टाका ना. एका मिनिटात सगळे शांत होतील."

"खोटी नाही ना पण ती," साहेब म्हणाले. "आज मी खोटी म्हणालो आणि उद्या कोणाला फाइलमध्ये तिची ऑफिस कॉपी सापडली, तर परवापासून माझ्या खऱ्या बोलण्यालाही किंमत उरणार नाही."

अफवा ओळखायची कशी, याचे उत्तर इथेच आहे. बहुतेक अफवा पूर्ण खोट्या नसतात. त्यांच्या पोटात एक खरा कागद असतो आणि त्या कागदाला चुकीचा अर्थ चिकटवलेला असतो. बदलीची यादी छाटणीची होऊन बसते. म्हणून 'खोटे आहे' म्हणून हात झटकले तर काम होत नाही. कागद खरा आहे हे कबूल करून त्याचा अर्थ कसा चुकला ते दाखवावे लागते. निवृत्त झालेल्या माणसाची छाटणी कोण करेल? एवढ्या एका नावावर यादीचे वय सिद्ध झाले.

साहेबांनी त्या संध्याकाळी दोन कामे केली. क्षेत्रीय कार्यालयाला फोन केला आणि फोनवर जे विचारले तेच तीन प्रश्न लेखी पाठवले. ही शाखा राहणार का? प्रोबेशनवरच्यांचे काय? रोजंदारीवाल्यांचे काय? दुसरे म्हणजे, शाखेतल्या युनियनच्या प्रतिनिधीला बोलावून सांगितले, 'उद्या सहा वाजता सगळ्यांना थांबवा, तुम्हीही माझ्या शेजारी बसा. मी चुकीचे बोललो तर तिथेच टोका.'

शुक्रवार, ३ मार्च. शटर अर्धे खाली ओढलेले, कॅश बंद झालेली. साहेबांनी व्याजदराचा फळा पुसून घेतला आणि त्यावर तीन रकाने आखले. पहिल्यावर लिहिले 'कागदावर आहे', दुसऱ्यावर 'ठरलेले आहे पण तपशील माहीत नाही', तिसऱ्यावर 'मला माहीत नाही'.

आधी यादी. तिची हकिगत त्यांनी जशीच्या तशी सांगितली, ऑफिस कॉपी हातोहात फिरवली. निवृत्त क्लार्कचे नाव वाचले तेव्हा हेड कॅशियर हसले, आणि दोन दिवसांत प्रथमच कोणीतरी हसले.

मग पहिला रकाना. २२ फेब्रुवारीच्या आदेशात लिहिले होते की बँकेचे कायम आणि नियमित अधिकारी व कर्मचारी १ एप्रिलपासून स्टेट बँकेचे होतील आणि त्यांचे वेतन व भत्ते, एकूण विचार करता, आधीपेक्षा कमी फायद्याचे असणार नाहीत. साहेबांनी कलम वाचून दाखवले आणि 'एकूण' या शब्दाखाली खडूने रेघ मारली. म्हणाले, "याचा अर्थ प्रत्येक भत्ता तस्साच राहील असा नाही. एखादा खाली, एखादा वर होऊ शकतो. निवृत्तीनंतरच्या फायद्यांचे काय ते तिसऱ्या रकान्यात घालतो, कारण ते मला माहीत नाही."

दुसऱ्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले: 'शाखा एकत्र होतील.' खाली शांतता पसरली. ते म्हणाले, "चारशे पावलांवर आपलीच दुसरी शाखा असताना दोन्ही चालू ठेवतील असे मी तुम्हाला सांगू शकत नाही. ही शाखा बंद होण्याची शक्यता आहे. पण शाखा बंद होणे आणि नोकरी जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायम माणसाची नोकरी आदेशाने पुढे जाते. बदली मात्र होऊ शकते, आणि ती राजा पार्कातच होईल असे वचन मी देत नाही."

पुढे काय झाले हे आज आपल्याला माहीत आहे. विलीनीकरणानंतर स्टेट बँकेने देशभरात हजारापेक्षा जास्त शाखा एकमेकींत मिळवल्या. त्या शुक्रवारी साहेबांनी 'एकही शाखा बंद होणार नाही' असे सांगितले असते तर पुढच्या वर्षी त्यांना तोंड दाखवता आले नसते.

इथे शब्दांबद्दल थोडे बोलतो, कारण आपले कार्यकर्तेही इथे घोटाळा करतात. लोक सरसकट 'ले-ऑफ' म्हणतात. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफचा अर्थ तात्पुरते काम न देणे असा होता. कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र बंद पडले, अशा कारणाने. त्यात नोकरी तुटत नाही. नोकरी तुटते ती 'रिट्रेंचमेंट', म्हणजे छाटणी. आणि बदली ही या दोन्हींपेक्षा वेगळी. अफवा या तिन्हींचा एकच गोळा करते. तो सोडवून दाखवला की निम्मी भीती योग्य जागी जाऊन बसते. सगळी जात नाही. बदलीची भीती खरीच असते. मुलांच्या शाळा असतात, म्हातारे आईवडील असतात.

तिसरा रकाना सर्वांत लांब झाला. लोक विचारत गेले आणि साहेब लिहीत गेले. प्रोबेशनवाले. निवृत्तीचे फायदे. ज्येष्ठता कशी धरणार. शेवटी ते म्हणाले, "या प्रश्नांची उत्तरे मी मागितली आहेत. पुढच्या शुक्रवारी, १० मार्चला, याच वेळी आपण इथेच बसू."

मुलगी सांगते, घरी जाताना तिला विचित्र वाटत होते. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते. तरी त्या रात्री तिला झोप लागली.

१० मार्च आला. वरून काहीच उत्तर आले नव्हते. मुलीला वाटले आज बैठक होणार नाही, सांगायला काही नाही तर बसायचे कशाला? पण सहा वाजता शटर अर्धे खाली आले आणि साहेब फळ्यापाशी उभे राहिले. म्हणाले, "उत्तर आलेले नाही. मी मंगळवारी आणि काल स्मरण दिले. होळीच्या सुट्टीनंतर पुन्हा विचारतो. पुढची बैठक १७ तारखेला." बैठक सहा मिनिटांत संपली.

आम्ही ही गोष्ट रचली ती या सहा मिनिटांसाठी. बातमी असेल तेव्हा बैठक घेणे कोणालाही जमते. बातमी नसताना ठरल्या वेळी समोर उभे राहून 'बातमी नाही' म्हणणे अवघड असते. ते न केल्यास काय होते? लोकांनी शुक्रवारची वाट पाहिलेली असते. शुक्रवारी साहेब गप्प राहिले की त्या गप्प राहण्याचाच अर्थ लावला जातो, आणि शनिवारी नवी यादी निघते. तारीख पाळली की लोक अधल्यामधल्या दिवशी येणारी बातमी शुक्रवारपर्यंत थोपवून धरतात. त्या आठवड्यात फोनवर आणखी दोन निरोप आले होते. क्लार्कनी ते झेरॉक्स केले नाहीत, साहेबांच्या टेबलावर आणून ठेवले.

आता चौदावा माणूस. रोजंदारीचा शिपाई. आदेशात 'कायम आणि नियमित' असे शब्द होते आणि तो दोन्हींपैकी काही नव्हता. सहा वर्षे तो टपाल नेत होता, लेजर काढून देत होता. नोटाबंदीच्या नोव्हेंबरात रांगेतल्या लोकांना त्यानेच पाणी दिले होते. पहिल्या बैठकीच्या आधी साहेबांनी त्याला एकट्याला केबिनमध्ये बोलावले. मुलगी तिथे व्हाउचर लावत बसली होती. साहेब त्याला म्हणाले, "बाहेर मी जे वाचणार आहे ते तुला लागू नाही. चार लोकांत कळण्याआधी हे तुला माझ्या तोंडून कळावे. तुझी जागा राहील असे मी म्हणू शकत नाही."

तो काही बोलला नाही. फक्त विचारले, "साहब, सोमवारी येऊ ना?"

"ये. आणि तोवर तुझा हिशेब काढू."

हिशेब मुलीने काढला. त्या कायद्याप्रमाणे मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले तर ते वर्षाचे सलग काम धरले जात असे. मग एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार दिल्याशिवाय छाटणी करता येत नसे. तिने बारा महिन्यांची व्हाउचर काढून प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजले. भरले २२८. बारा दिवस कमी. तिचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, "पैसे किती दिवसांचे दिले ते मोजलेस का?" तिने पुन्हा व्हाउचर काढली. सहा दिवस काम झाले की साप्ताहिक सुट्टीचाही पगार दिलेला होता. असे ३८ आठवडे. म्हणजे पगारी सुट्टीचे ३८ दिवस. २२८ आणि ३८ मिळून २६६.

हे साहेबांच्या मनचे नव्हते. अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे की पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्या २४० दिवसांत धरायच्या. त्याआधी १९७६ साली, स्टेट बँकेच्याच एका हंगामी कॅशियरच्या खटल्यात, मुदत आपोआप संपली असे म्हणून काम थांबवणे हीसुद्धा छाटणीच, असा निकाल झाला होता. मात्र १९८४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ठराविक मुदतीच्या लेखी कराराला यातून वगळले. म्हणून कोणी रोजंदारीवाला आला की पहिला प्रश्न हाच विचारा: तुझ्याकडून मुदतीच्या कागदावर सही घेतली आहे का? या शिपायाकडून घेतलेली नव्हती.

त्याची मजुरी रोजची ४०० रुपये. पंधरा दिवसांचे ६,००० रुपये. अशी पुरी सहा वर्षे, प्रत्येक वर्षी २४० च्या वर. ६,००० गुणिले ६, म्हणजे ३६,००० रुपये, वर नोटिशीचा महिना. मुलीने सहाही वर्षांचा तक्ता केला, प्रत्येक ओळीपुढे व्हाउचर नंबर लिहिला. साहेबांनी त्यावर सही केली, एक प्रत क्षेत्रीय कार्यालयाला पाठवली आणि एक शिपायाच्या हातात दिली. म्हणाले, "घरी पत्र्याच्या पेटीत ठेव. शाखा हलली की व्हाउचरची पोती कुठे जातील सांगता येत नाही."

बंधूंनो, ज्यांनी शाखा किंवा शेड हलताना पाहिली आहे त्यांना या वाक्याचे मोल कळेल. हक्क कायद्यात असतो, पण पुरावा पोत्यात असतो, आणि हलवाहलवीत आधी पोती हरवतात.

१६ मार्चला एकदाचे उत्तर आले आणि १७ च्या बैठकीत साहेबांनी ते वाचले. प्रोबेशनवरच्यांचा काळ तोडला जाणार नाही, पुढे मोजला जाईल. कायम करण्याची अट पूर्वीचीच, म्हणजे काम आणि अहवाल. मुलीने सुटकेचा श्वास टाकला. शाखेबद्दल एकच ओळ होती: 'निर्णय यथावकाश.' रोजंदारीवाल्यांबद्दल काहीच नव्हते. साहेबांनी तेही मोठ्याने सांगितले, 'तिसऱ्या प्रश्नाला उत्तर दिलेले नाही,' आणि ती ओळ फळ्यावरून पुसली नाही.

मग युनियनच्या प्रतिनिधीने सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला. सहयोगी बँकांतल्या लोकांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना होती. अट अशी की वय पंचावन्न आणि सेवा वीस वर्षे पुरी झालेली असावी. प्रतिनिधी म्हणाला, "साहेब, तुम्ही दोन्हींत बसता. आम्हाला धीर देऊन तुम्ही अर्ज टाकणार का?"

मुलीला वाटले साहेब रागावतील. ते म्हणाले, "हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा होता. मी अर्ज करण्याचा विचार करतो आहे. घरी बोलणे चालू आहे, ठरलेले नाही. ठरले की क्षेत्रीय कार्यालयाच्या आधी तुम्हाला सांगेन. मी जातो म्हणून तुम्हीही जा किंवा राहा, असा अर्थ काढू नका. माझी मुले शिकून मोकळी झाली आहेत, तुमची नाहीत."

ज्याला स्वतःला योजनेत फायदा आहे त्याने तो उघड सांगितला की त्याचा सल्ला तोलून घेता येतो. त्याने लपवला तर त्याच्या फळ्यावरचे तिन्ही रकाने संशयाचे होतात. त्या योजनेत पाचही सहयोगी बँका मिळून सुमारे २,८०० लोकांनी निवृत्ती घेतली. आमच्या गोष्टीतले साहेब त्यांतले एक. त्यांनी अर्ज टाकण्याच्या आदल्या संध्याकाळी शाखेला सांगितले. हेड कॅशियर नाराज झाले, दोन दिवस बोलले नाहीत. पण 'फसवले' असे कोणी म्हणाले नाही.

पुढचे थोडक्यात. १ एप्रिलला पाटी बदलली. काही महिन्यांनी ती शाखा चारशे पावलांवरच्या शाखेत गेली. चौघांच्या बदल्या झाल्या, त्यांतल्या एकाची जयपूरबाहेर. कोणाचीही कायम नोकरी गेली नाही. शिपायाला मात्र काम राहिले नाही. नव्या जागी ते काम एजन्सीकडे होते. आधी त्याला 'तू आमचा कधी नव्हतासच' असे उत्तर मिळाले. मग त्याने पेटीतून तक्ता काढला. युनियनने तो घेऊन पत्र लिहिले, आणि वाद न्यायाधिकरणापर्यंत जाण्याआधीच त्याचे ३६,००० आणि नोटिशीचा महिना हातात पडला. आता तो राजा पार्कातच एका मिठाईच्या दुकानात आहे. हा शेवट गोड नाही. नोकरी गेली ती गेलीच. पण तो रिकाम्या हाताने गेला नाही, आणि त्याला कोणी खोटी आशा लावली नव्हती, म्हणून तक्ता करण्याइतका वेळ त्याला मिळाला. खोट्या आशेने माणसाचा तयारीचाच वेळ जातो.

आता कायद्याची एक गोष्ट लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि १९४७ च्या कायद्याची जागा तिने घेतली आहे. एक महिन्याची नोटीस आणि वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार हे तिच्यातही आहे. पण कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या क्रमांकांनी अर्ज लिहू नका.

आपल्या युनिटमध्ये उद्या अशी यादी फिरली तर ती घेऊन तिच्यातली नावे तारखेशी ताडून बघा. निवृत्त झालेला, बदलून गेलेला, नंतर आलेला असा एखादा तिच्यात सापडतोच. मग अधिकाऱ्याकडे जा आणि 'आमचे काय होणार' असे मोघम विचारू नका. कागदावर काय आहे, काय ठरले आहे, आणि तुम्हाला काय माहीत नाही, असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा आणि पुढची तारीख मागा. ज्याला 'मला माहीत नाही' असे म्हणता येत नाही, त्याच्या पहिल्या दोन उत्तरांवरही भरवसा ठेवू नका. आणि त्याच वेळी आपल्यातला जो कोणी हजेरीपटावर नाही, त्याची व्हाउचर मोजायला बसा. कायम माणसांची काळजी आदेशात लिहिलेली असते, त्याची काळजी कोठेच लिहिलेली नसते.